रिकामा समुद्र

पाणबुडीचं सर्वात मोठं दुबळेपण तिच्या डोळ्यांत होतं. आपल्या मनातल्या चित्रात ती खोल पाण्यातून मुक्काट्याने सरकते आणि वरच्या जहाजांना टिपत सुटते. दोन्ही महायुद्धांतल्या पाणबुड्या तशा नव्हत्या. त्या खरं म्हणजे डुबकी मारता येणाऱ्या लहान युद्धनौका होत्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सर्वाधिक वापरलेली सातव्या प्रकारची पाणबुडी घ्या. पाण्यावर डिझेल इंजिनावर ती ताशी 17 सागरी मैल धावायची. पाण्याखाली मात्र बॅटरीवर तिची ओढाताण व्हायची. सारा जोर लावला तर ताशी सात-साडेसात मैलांचा वेग यायचा, तोही जेमतेम तासभर. मग बॅटरी संपली की वर येण्यावाचून इलाज नसे. म्हणून तिचा बराचसा प्रवास पृष्ठभागावरच चालायचा. मनोऱ्यावर चार-पाच माणसं दुर्बिणी लावून उभी असत. त्यांचे डोळे पाण्यापासून पाच-सहा मीटर उंचीवर. तिथून क्षितिज पाच मैलांवर संपतं. उंच डोलकाठी किंवा धुराचा पट्टा दिसला तर फार तर दहा-पंधरा मैलांवरचं जहाज हाती लागायचं. अटलांटिक महासागराच्या मानाने हा पसारा म्हणजे माळरानावर पडलेल्या एका घोंगडीएवढा.

असं असूनही या बोटीने ब्रिटनसारख्या सागरी महासत्तेला दोनदा अगदी काठावर आणून उभं केलं. असं का झालं आणि त्यावरचा उतारा नेमका कशामुळे लागू पडला, हे दोन्ही प्रश्न शेवटी या घोंगडीपाशीच येऊन थांबतात.

1914 मध्ये व्यापारी जहाज पकडण्याचे जुने नियम होते. शत्रूचं जहाज थांबवायचं, झडती घ्यायची, खलाशांना सुरक्षित जागी हलवायचं आणि मगच जहाज बुडवायचं किंवा ताब्यात घ्यायचं. हे नियम मोठ्या युद्धनौकांसाठी ठीक होते. तीस-चाळीस माणसांच्या पाणबुडीत कैद्यांना ठेवायला जागा नव्हती आणि पकडलेलं जहाज बंदरात न्यायला जादा माणसं नव्हती. शिवाय नियम पाळायला वर यावं, तर व्यापारी जहाजावरच्या एका साध्या तोफेचा गोळाही तिला पुरेसा व्हायचा. म्हणजे नियम पाळले तर पाणबुडी निकामी, आणि न पाळता पाण्याखालून न सांगता पाणतीर सोडला तर बिनतोड. या पेचातून जर्मनीने क्रूर वाट निवडली. 1 फेब्रुवारी 1917 पासून ब्रिटनभोवतीच्या पाण्यात दिसेल ते जहाज बुडवण्याचा हुकूम निघाला.

त्यामागे एक हिशेब होता. जर्मन नौदलाचे प्रमुख हेनिंग फॉन होल्ट्सेनडॉर्फ यांनी मांडलं होतं की दरमहा सहा लाख टन जहाजं पाच महिने बुडवत राहिलं, तर ब्रिटन तह मागेल. ब्रिटन बेट होतं, तिथला गहू, तेल, लाकूड, खनिज सगळं समुद्रावरून यायचं. म्हणून एकेका लढाईत आरमार हरवायची गरजच नव्हती. जहाजं बांधली जातात त्यापेक्षा वेगाने बुडवायची, एवढंच. आणि एप्रिल 1917 मध्ये बुडालेल्या जहाजांचा आकडा साडेआठ लाख टनांवर गेला. त्याच महिन्यात अमेरिकेचे ॲडमिरल सिम्स लंडनला आले, तेव्हा ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल जेलिको यांनी त्यांना शांतपणे सांगितलं की हे असंच चाललं तर युद्ध पुढे रेटता येणार नाही.

आता आश्चर्याची गोष्ट. उपाय हाताशीच होता आणि शेकडो वर्षं जुना होता. शिडाच्या जहाजांच्या काळापासून व्यापारी जहाजं काफिल्याने, सोबत युद्धनौका घेऊन जात असत. सैन्य वाहून नेणारी जहाजं 1917 मध्येही संरक्षणाखालीच जायची. मग व्यापारी जहाजांना हे का नाही? नौदलाच्या अधिकाऱ्यांची कारणं ऐकायला पटण्यासारखी होती. तीस-चाळीस जहाजं एकत्र म्हणजे शत्रूला आयतं ताट वाढून ठेवणं. व्यापारी कप्तानांना रात्री दिवे मालवून ओळीत चालणं जमणार नाही, एकमेकांवर आपटतील. एकदम सगळी बंदरात आली तर गोदीत तुंबारा होईल. आणि शेवटचं कारण आकड्यांचं: ब्रिटनच्या बंदरांत दर आठवड्याला सुमारे अडीच हजार जहाजं येतात आणि तेवढीच जातात, इतक्यांना सोबत द्यायला विनाशिका आणायच्या कुठून?

हा शेवटचा आकडा कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन या अधिकाऱ्याने खोदून पाहिला. जहाजवाहतूक खात्याकडे जाऊन त्याने खरी नोंद मागितली. निघालं असं की अडीच हजारांत किनाऱ्याकिनाऱ्याने कोळसा, मासळी, भाजी नेणारी प्रत्येक लहान बोट मोजलेली होती. एकच बोट तीन बंदरांत शिरली की तीन वेळा. लोकांना धीर वाटावा म्हणून छापलेला हा फुगीर आकडा नौदलाने स्वतःच खरा मानला होता. महासागर ओलांडून येणारी मोठी जहाजं, ज्यांच्यावर देशाचं पोट होतं, ती आठवड्याला फक्त 120 ते 140 होती. एवढ्यांना सोबत देणं अवघड होतं, पण अशक्य मुळीच नव्हतं. मला या युद्धातली ही सर्वात बोलकी घटना वाटते. कोणीतरी नोंदवही उघडून नीट मोजलं, आणि महिनोन्‌महिने अडलेला निर्णय हलला.

मे 1917 मध्ये जिब्राल्टरहून सोळा-सतरा जहाजांचा पहिला प्रायोगिक काफिला निघाला आणि एकही जहाज न गमावता पोहोचला. कप्तानांना ओळीत चालणंही जमलं. त्यानंतर काफिल्यांचं जाळं विणलं गेलं आणि त्यांत निघालेल्या सागरी जहाजांपैकी बुडालेल्यांचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली राहिलं.

हे कशामुळे झालं? बहुतेकांना वाटतं की सोबतच्या विनाशिकांनी पाणबुड्या मारल्या म्हणून. त्या वेळी विनाशिकांकडे पाण्याखालचं ऐकायला धड साधन नव्हतं आणि डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारे स्फोटकांचे पिंप, नुकतेच पुरेसे मिळू लागले होते. खरं कारण घोंगडीत आहे. समजा, एकटं जहाज दहा मैलांवरून दिसतं. म्हणजे त्याच्याभोवती वीस मैल रुंदीचं एक वर्तुळ आहे, ज्यात पाणबुडी असेल तर जहाज तिच्या नजरेत येईल. आता पस्तीस जहाजं दोन मैल रुंदीच्या घोळक्यात आली, तर त्या घोळक्याचं वर्तुळ बावीस मैलांचं होतं. पस्तीस सुट्या जहाजांची पस्तीस वर्तुळं समुद्रभर पसरलेली असतात, पाणबुडी कुठेही थांबली तरी आज ना उद्या एखादं तिच्यावरून सरकतंच. काफिल्यात त्या पस्तिसांऐवजी उरतं एकच वर्तुळ, किंचित मोठं. बाकी समुद्र ओस पडतो. पाणबुडीचे कप्तान दिवसचे दिवस रिकामं क्षितिज न्याहाळत बसले. आणि एखादा काफिला समोर आलाच, तर एक-दोन पाणतीर सोडेपर्यंत विनाशिका अंगावर यायची, खाली दबून राहावं लागायचं आणि तोवर उरलेली तीस जहाजं निघून जायची.

ऑक्टोबर 1918 मध्ये माल्टाजवळ एका जर्मन पाणबुडीने रात्री पृष्ठभागावरून काफिल्यावर हल्ला केला आणि एक जहाज बुडवलं. नंतर बुडी मारताना पाणबुडीचा तोल गेला, ती अनावरपणे वर आली आणि तिचा तरुण कप्तान ब्रिटिशांच्या हाती लागला. त्याचं नाव कार्ल डोनिट्झ. रिकाम्या समुद्राचा अनुभव घेतलेला हा माणूस पुढे हिटलरच्या पाणबुडी दलाचा प्रमुख झाला आणि त्याने घोंगडी मोठी करायचा विचार केला. एक पाणबुडी थोडंच पाहू शकते, तर दहा पाणबुड्या एकमेकींपासून दहा-वीस मैलांवर आडव्या रांगेत लावाव्यात. जिला काफिला दिसेल तिने हल्ला न करता मागे मागे राहून बिनतारी संदेश पाठवत राहावं. बाकीच्या पाणबुड्यांना मुख्यालय तिथे बोलावेल. मग रात्री सगळ्यांनी पृष्ठभागावरून एकदम तुटून पडायचं. लांडग्यांचा कळप जसा.

पृष्ठभागावरून, यातच सगळी मख्खी होती. मधल्या वीस वर्षांत ब्रिटिशांनी ॲस्डिक नावाचं यंत्र बनवलं होतं. पाण्यात ध्वनीचा टणत्कार सोडायचा आणि पाणबुडीच्या पोटावर आपटून येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. त्यावर नौदल इतकं विसंबलं की पाणबुडीचा प्रश्न मिटला असंच धरून चाललं. पण वर तरंगणारी पाणबुडी ॲस्डिकला सापडत नव्हती. काळोखात तिचा बुटका मनोरा डोळ्यांनाही दिसत नसे. त्यात ब्रिटिशांनी घाईघाईने बांधलेल्या कॉर्व्हेट जातीच्या बोटींचा वेग ताशी 16 मैल, म्हणजे पाणबुडीपेक्षाही कमी. पाठलाग करायचा तर शिकारच पुढे निघून जायची.

5 ऑक्टोबर 1940 रोजी कॅनडाच्या सिडनी बंदरातून एससी 7 हा संथ काफिला निघाला. 35 जहाजं, बरीचशी जुनी, वेग ताशी सात मैलांच्या आसपास. जवळजवळ सारा महासागर त्यांनी एकाच संरक्षक जहाजाच्या सोबतीने ओलांडला. ब्रिटनजवळ आल्यावर आणखी काही येऊन मिळाली, पण ही जहाजं एकत्र कधी लढली नव्हती, त्यांचा ठरलेला डावच नव्हता. 18 ऑक्टोबरच्या रात्री कळप पोहोचला. ऑटो क्रेशमर या कप्तानाने आपली पाणबुडी सरळ जहाजांच्या दोन रांगांच्या मधोमध घातली आणि आतूनच पाणतीर सोडले. संरक्षक जहाजं बाहेर, काफिल्यापासून दूर, पेटवलेल्या बाणांच्या उजेडात पाणबुडी शोधत होती. काही जण शोध सोडून पाण्यात पडलेल्या माणसांना उचलायला लागले, आणि त्यांना दोष देता येत नाही. सगळा प्रवास धरून 35 पैकी 20 जहाजं गेली.

याच शरद ऋतूत ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज बुडालं. लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघालेल्या या जहाजावर बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवलेली 90 मुलं होती आणि खलाशी बहुतेक हिंदुस्थानी होते. तेव्हा संरक्षक जहाजं ठरावीक रेखांशापर्यंतच सोबत करत. 17 सप्टेंबरला पहाटेच्या आधी ती माघारी फिरली, आणि त्याच रात्री दहाच्या सुमारास पाणतीर लागला. 77 मुलं गेली, शंभरावर हिंदुस्थानी खलाशी गेले. ब्रिटिश जहाजांवर डेकवर काम करणारे कोकणातले खलाशी, खालच्या भट्टीत कोळसा ओतणारे पंजाबी आणि सिल्हेटी, जेवणघरात वाढणारे गोवेकर हजारोंच्या संख्येने या अटलांटिकमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हिंदुस्थानी दर्यावर्दींच्या नावांची यादी सहा हजारांच्या वर जाते. काफिल्याची चर्चा नेहमी ॲडमिरलांच्या नावाने होते. भट्टीशी काम करणाऱ्याला मात्र पाणतीर लागला की शिडी चढून वर यायलाही वेळ मिळत नसे, हे विसरून चालणार नाही.

काफिल्याची मांडणी कशी असे ते पाहण्यासारखं आहे. 45 जहाजं असतील तर पाच-पाचच्या नऊ रांगा, शेजारी शेजारी. दोन रांगांत हजार यार्डांचं अंतर, एका रांगेतल्या दोन जहाजांत पाचशे-सहाशे यार्डांचं. म्हणजे घोळका चार मैल रुंद, पण लांबी मैलभरच. पाणबुडी शक्यतो जहाजाच्या कुशीवर नेम धरते, म्हणून बाजू आखूड ठेवायची आणि तोंड रुंद. तेलवाहू आणि दारूगोळ्याची जहाजं मधल्या रांगांत. मधल्याच एका रांगेच्या अग्रभागी काफिल्याचा कमोडोर, बहुधा निवृत्त ॲडमिरल, साठी ओलांडलेला, व्यापारी जहाजावरून निशाणांनी हुकूम देणारा. काफिल्याचा खरा शत्रू मागे रेंगाळणं हा होता. वाईट कोळसा भरला की धुराचा लोट उठायचा आणि वाफ कमी पडायची. जहाज हळूहळू मागे पडायचं, आणि पाठीवर असलेल्या पाणबुडीला ते आयतं सापडायचं. वादळात पांगलेल्या, मागे राहिलेल्या जहाजांचं नुकसान नेहमीच काफिल्यातल्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त असे.

एससी 7 च्या रात्री जे कळलं नाही, ते 1942 च्या सुरुवातीला लिव्हरपूलमधल्या डर्बी हाउस या इमारतीत जमिनीवर खडूने रेखून कळलं. क्षयामुळे नौदलातून बाहेर पडावं लागलेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना तिथे एक खोली आणि महिला नौदलातल्या काही तरुणी मिळाल्या. बहुतेकींनी समुद्र पाहिलेला नव्हता. लिनोलियमवर चौकटी आखल्या, लाकडी जहाजं मांडली. संरक्षक जहाजाच्या कप्तानाची भूमिका करणाऱ्याला पडद्याआड बसवून एका फटीतून तेवढंच दिसू दिलं, जेवढं काळोखात खरोखर दिसलं असतं. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढत, तो त्या फटीतून जमिनीवर दिसतच नसे. दर खेळीला दोन मिनिटं. आधीच्या लढायांचे अहवाल घेऊन तोच प्रसंग पुन्हा खेळताना रॉबर्ट्सना दिसलं की पाणतिराच्या पल्ल्याचा आणि बुडालेल्या जहाजांच्या जागांचा मेळ बाहेरून हल्ला धरला तर बसत नाही. पाणबुडी मागून, पृष्ठभागावरून, रांगांच्या आत शिरते. हल्ला झाला की खाली जाते, काफिला डोक्यावरून जाऊ देते आणि मागे निसटते. म्हणजे संरक्षकांनी बाहेर पळत सुटणं हे नेमकं चुकीचं.

मग नवा डाव बसवला. स्फोट होताच काही जहाजं काफिल्याच्या मागे जाऊन आडवी रांग धरतील आणि ॲस्डिकने पाणी विंचरत पुढे येतील. त्याला ‘रास्पबेरी’ हे नाव जीन लेडलॉ या तरुणीने दिलं. पुढे सगळ्या संरक्षक दलांचे कप्तान आपापल्या जहाजावर जाण्याआधी त्या खोलीत आठवडाभर खेळून जात. नव्या कप्तानाला एकदा घुसखोर पाणबुडीचा भाग दिला की पडद्यापलीकडचं त्याला पुन्हा समजावावं लागत नसे.

त्याच सुमारास पॅट्रिक ब्लॅकेट नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने दुसरा हिशेब मांडला. (हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर नेहरूंचे संरक्षणविषयक सल्लागार होते.) नौदलाचं मत होतं की काफिला लहान असावा. ब्लॅकेटच्या गटाने दोन वर्षांच्या नोंदी चाळल्या. सरासरी 32 जहाजांच्या काफिल्यांत शंभरामागे अडीच जहाजं बुडाली होती, सरासरी 54 जहाजांच्या काफिल्यांत एकाच्या थोडी वर. कारण भूमितीत होतं. काफिल्यातली जहाजं चौपट केली तरी त्याचा परीघ दुप्पटच होतो, आणि संरक्षकांना राखायचा असतो परीघ. आत शिरलेली पाणबुडी आपल्या वेळेत आणि आपल्याकडच्या पाणतिरांनी जेवढी बुडवायची तेवढीच बुडवते, मग आत तीस जहाजं असोत की साठ. म्हणून दोन लहान काफिल्यांचा एक मोठा करावा आणि दोघांचे संरक्षक एकत्र आणावेत.

याच्या उलट काय होतं, हे अमेरिकेने 1942 च्या जानेवारीत दाखवलं. पूर्व किनाऱ्यावर जहाजं एकेकटी, शहरांचे दिवे झगमगते. पहिल्या खेपेला आलेल्या पाच पाणबुड्यांनी हाहाकार उडवला. मे महिन्यात किनाऱ्याने काफिले सुरू झाले, तसा तिथला संहार उतरणीला लागला आणि पाणबुड्या काफिले नसलेल्या मेक्सिकोच्या आखाताकडे आणि कॅरिबियनकडे वळल्या. जपानला तर हे फार उशिरा उमगलं. काफिल्यांसाठी वेगळं मुख्यालय त्याने नोव्हेंबर 1943 मध्ये स्थापलं, तोवर अमेरिकी पाणबुड्यांनी त्याच्या व्यापारी ताफ्याचं कंबरडं मोडत आणलं होतं.

अटलांटिकमधला निकाल मे 1943 मध्ये लागला. तोवर संरक्षकांकडे दहा सेंटिमीटर तरंगलांबीचा रडार आला होता, त्यात पाण्यावरचा बुटका मनोराही दिसत होता. कळपाला जोडणारे बिनतारी संदेशही आता घातकी ठरले. संदेश पाठवताच त्याची दिशा जहाजावरच्या यंत्राला कळायची. ओएनएस 5 हा चाळीसहून जास्त जहाजांचा काफिला एप्रिलच्या अखेरीस ब्रिटनहून पश्चिमेला निघाला. वादळाने तो पांगला, इंधन संपत आल्याने संरक्षक दलाचा प्रमुख पीटर ग्रेटन आपली विनाशिका घेऊन निघून गेला. सूत्रं लेफ्टनंट कमांडर शेरवुड यांच्याकडे आली. सुमारे चाळीस पाणबुड्या वाटेत होत्या. 4 आणि 5 मे रोजी चोवीस तासांत बारा जहाजं गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाट धुकं उतरलं, आणि पारडं फिरलं. पाणबुड्यांना काही दिसेना. संरक्षकांना रडारवर सगळं दिसत होतं. ‘स्नोफ्लेक’, ‘लूजस्ट्राइफ’ अशी फुलांची नावं असलेल्या त्या सावकाश कॉर्व्हेट धुक्यातून अचानक शंभर-दोनशे यार्डांवर प्रकट होत होत्या. त्या रात्री पाणबुड्यांनी वीसहून जास्त वेळा हल्ल्याचा प्रयत्न केला. एकही जहाज बुडालं नाही. चार पाणबुड्या गेल्या.

त्या महिन्यात जर्मनीच्या 41 पाणबुड्या नष्ट झाल्या. त्यांतल्या एकीवर डोनिट्झचा मुलगा पीटर होता. 24 मे रोजी डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या.

जुलै 1944 मध्ये न्यू यॉर्कहून एचएक्स 300 हा काफिला निघाला. 160 हून जास्त जहाजं, दहा लाख टनांच्या आसपास माल, धान्य, साखर, तेल, लाकूड, रणगाडे. पहिल्या रांगेतून शेवटची रांग दिसत नसे. अख्ख्या प्रवासात त्याच्या निकट सोबतीला होती एक फ्रिगेट आणि सहा कॉर्व्हेट. ऑगस्टच्या सुरुवातीला जहाजं ब्रिटनच्या बंदरांत शिरली तेव्हा निघालेल्यांपैकी एकही बुडालेलं नव्हतं.